स्ट्राइकला शिवून परत येणारा निफ्टी: डेल्टा १२ सांगतो, माझी वही जवळपास दुप्पट दाखवते

वाटसरू_मिरज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक गोष्ट छळते आहे, ती आज मांडतो.

मी दर महिन्याला निफ्टीचा स्ट्रँगल विकतो. एक्सपायरीला साधारण तीस दिवस असताना, वरचा कॉल आणि खालचा पुट, दोन्ही ०.१२ च्या आसपास डेल्टाचे. आकडे सोपे करून सांगतो: निफ्टी २४,०००, आयव्ही १२ टक्के, २५,००० चा कॉल ४९ रुपयांना आणि खाली २३,००० चा पुट. डेल्टा ०.१२ म्हणजे शंभरातल्या बारा वेळा तो स्ट्राइक पार होईल आणि अठ्ठ्याऐंशी वेळा प्रीमियम आपलं, असं मी धरून चाललो होतो. दोन्ही बाजू मिळून तेवीस-चोवीस टक्के.

माझा नियम असा की निफ्टी विकलेल्या स्ट्राइकला शिवला की ती बाजू कापायची. विचार नाही करायचा.

मी सगळं वहीत लिहून ठेवतो. गेल्या चौदा महिन्यांत सहा वेळा कुठल्या तरी एका बाजूचा स्ट्राइक शिवला गेला, आणि सहाही वेळा मी तोट्यात बाहेर पडलो. काल मागे जाऊन पाहिलं, तर त्या सहांपैकी तीन वेळा एक्सपायरीला निफ्टी पुन्हा आत येऊन बसला होता. म्हणजे "पार होणं" चौदात तीनदाच झालं. ते तेवीस टक्क्यांना धरूनच आहे. पण शिवणं झालं सहा वेळा. माझा हिशेब कुठे चुकतो आहे? की चौदा महिन्यांवरून काही बोलूच नये?

---

रानपाखरू

वाटसरू, हिशेब चुकला नाही, प्रश्न चुकला. डेल्टा एक्सपायरीच्या दिवसाबद्दल बोलतो, मधल्या दिवसांबद्दल नाही. शिवण्याची शक्यता हवी असेल तर डेल्टाची दुप्पट करायची. ०.१२ चा स्ट्राइक असेल तर २४ टक्के. आमच्याकडे सगळे हेच वापरतात.

कारणही सोपं आहे. बाजाराला वर आणि खाली अशा दोन दिशा असतात, म्हणून दोनने गुणायचं.

---

त्रिज्या

रानपाखरू, दुप्पट बरोबर, कारण मात्र ते नाही. दोन दिशा असल्या तरी २५,००० ला शिवायला वरच जावं लागतं. दोन येतो तो दुसरीकडून, आणि तो कुठून येतो हे कळलं की तो केव्हा बिघडतो हेही आपोआप कळतं. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून जरा सावकाश सांगते.

निफ्टी बाजूला ठेवा. एक नाणं चार वेळा उडवा. छापा आला की एक पाऊल वर, काटा आला की एक पाऊल खाली. सुरुवात शून्यावर. आपला "स्ट्राइक" आहे +१. एकूण वाटा सोळा.

शेवटी +१ च्या वर असणाऱ्या वाटा किती? छछछछ, छछछक, छछकछ, छकछछ, कछछछ. पाच.

आता मध्ये केव्हातरी +१ ला शिवून शेवटी शून्यावर किंवा त्याखाली आलेल्या वाटा मोजा. छककक, छककछ, छकछक, छछकक, कछछक. याही पाच.

म्हणजे शिवणाऱ्या दहा, पार होणाऱ्या पाच. बरोबर दुप्पट. आणि हा योगायोग नाही. पहिल्या यादीतली कुठलीही वाट घ्या, ती +१ ला पहिल्यांदा जिथे शिवते तिथे थांबा, आणि पुढचं सगळं उलटं करा: छापा असेल तिथे काटा, काटा असेल तिथे छापा. छछछछ पहिल्याच उडवणीत शिवते, पुढचे तीन उलटे केले की छककक. कछछछ तिसऱ्या उडवणीला शिवते, पुढचा एकच उलटा केला की कछछक. पहिल्या यादीतल्या प्रत्येक वाटेला दुसऱ्या यादीत तिचं आरशातलं जुळं आहे, एकही सुटत नाही.

निफ्टीच्या भाषेत हेच असं: ज्या क्षणी निफ्टी २५,००० ला शिवतो, त्या क्षणापासून २५,००० हा ऍट द मनी स्ट्राइक झाला. तिथून पुढे तो वर संपण्याची शक्यता जवळपास निम्मी, खाली संपण्याचीही निम्मी. पार होऊन संपायचं तर आधी शिवावंच लागतं. म्हणून पार होण्याची शक्यता ही शिवण्याच्या शक्यतेच्या निम्मी. आपण ते उलटं वाचतो आणि "दुप्पट" म्हणतो.

तुमच्या आकड्यांवर व्याज न धरता मी हिशेब केला. २५,००० च्या वर संपण्याची शक्यता ११.४ टक्के, शिवण्याची २३.१. खाली २३,००० साठी ११.१ आणि २२.१. दोन्ही स्ट्राइक एकाच महिन्यात शिवले जाणं फार दुर्मीळ, म्हणून बेरीज चालते: स्ट्रँगलची कुठली तरी एक बाजू शिवली जाण्याची शक्यता ४५ टक्के. चौदा महिन्यांत सहा. तुमची वही अगदी नेहमीच्या मापातली आहे.

---

वाटसरू_मिरज

त्रिज्याताई, ती सोळा वाटांची यादी मी कागदावर स्वतः लिहून पाहिली. जुळं करून पाहताना पटलं. पण ४५ टक्के वाचून पोटात गोळा आला. मी घरी सांगत आलो होतो की चारातले तीन महिने निवांत असतात.

---

अंबाजोगाईचे_आप्पा

मी निफ्टीत नसतो, माझं जरा वेगळं आहे. माझ्याकडे एका बँकेचे जुने शेअर आहेत. ते एका ठरावीक वरच्या भावाला गेले तर विकायचे आहेत. मुलगा म्हणतो त्याच भावाचा कॉल विका, प्रीमियमही मिळेल आणि शेअरही जातील. म्हणजे तुमच्या हिशेबाने तो भाव मध्येच शिवला की समोरचा माझे शेअर घेऊन जाणार का? तसं असेल तर मला चालेल.

---

त्रिज्या

आप्पा, नाही. एनएसईवरचे शेअरचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत. घेणाऱ्याला मध्येच हक्क बजावता येत नाही. शेअरची देवाणघेवाण एक्सपायरीच्या बंद भावावरून ठरते. महिन्याच्या मध्यावर भाव तुमच्या स्ट्राइकला शिवून खाली आला तर शेअर तुमच्याकडेच राहतील, प्रीमियम तेवढं मिळेल.

पण तुमचा प्रश्न या धाग्याला अगदी चपखल बसतो. त्या भावाला जीटीटी, म्हणजे भाव आला की आपोआप जाणारी विक्रीची ऑर्डर, लावून ठेवली तर ती शिवण्यावर चालते. कॉल विकला तर ते संपण्यावर चालतं. भाव तोच, मुदत तीच, पण जीटीटीने शेअर विकले जाण्याची शक्यता कॉलच्या साधारण दुप्पट. शेअर जायलाच हवे असतील तर जीटीटी. शेअर राहिले तरी चालेल आणि दरम्यान प्रीमियम हवं असेल तर कॉल. मात्र कॉलमध्ये भाव वर जाऊन परत आला की "तेव्हाच विकले असते तर" हे मनात घोळत राहतं, तेही धरून चाला.

---

खडीसाखर

मला गणितापेक्षा मोजून पाहिलेलं लवकर पटतं. म्हणून वाटसरूंच्याच आकड्यांवर पंधरा मिनिटांच्या कॅंडलने चाळीस हजार महिने चालवून पाहिले. २१ दिवस, दिवसाला २५ कॅंडल.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n, steps, sd = 40000, 525, 0.0344
z = rng.normal(-sd**2/2/steps, sd/steps**0.5, (n, steps))
path = 24000 * np.exp(z.cumsum(axis=1))
print((path[:, -1] > 25000).mean())
print((path.max(axis=1) >= 25000).mean())
print((path[:, 24::25].max(axis=1) >= 25000).mean())
```

पहिली ओळ ११ टक्क्यांच्या जरा वर येते, ती त्रिज्याताईंशी जुळते. दुसरी २२ च्या आसपास येते, २३ नाही. आणि तिसरी, म्हणजे रोज फक्त बंद भाव पाहिला तर, १८ ते १९ टक्के. मग दुप्पट कुठे गेली? बंद भावावर तर ती पावणेदोनपटही भरत नाही.

---

त्रिज्या

छान केलंत. कोडमध्ये चूक नाही. दुप्पट ही क्षणाक्षणाला पाहणाऱ्यासाठी आहे. पंधरा मिनिटांनी एकदा पाहिलं की मधल्या मधे शिवून परत आलेल्या काही वाटा हातातून सुटतात. दिवसातून एकदा पाहिलं की पुष्कळच सुटतात. शेवटच्या दिवसाचा आकडा मात्र बदलत नाही, कारण तो एकाच क्षणाचा आहे.

यासाठी एक चांगली जुळणीही आहे. ब्रॉडी, ग्लासरमन आणि कू यांनी १९९७ मध्ये दाखवली: ठरावीक अंतराने पाहत असाल तर स्ट्राइक तेवढ्या अंतरातल्या हालचालीच्या ०.५८ पट लांब सरकला आहे असं समजायचं. तुमच्या आकड्यांत निफ्टीची एका दिवसाची हालचाल धरा १८०-१९० अंक. त्याचे ०.५८ म्हणजे ११० च्या जवळ. रोज बंद भावच पाहणाऱ्याला २५,००० चा स्ट्राइक २५,११० सारखा वाटतो. त्यावरून शक्यता १८.५ येते, म्हणजे तुमच्या तिसऱ्या ओळीचाच आकडा.

म्हणून वाटसरूंना एक विचारते: तुमच्या वहीतले सहा शिवणे दिवसाच्या उच्चांक-नीचांकावरून धरलेत की बंद भावावरून?

---

वाटसरू_मिरज

उच्चांक-नीचांकावरून. स्क्रीनसमोरच असतो, शिवला की लगेच कापतो.

---

दर्यावर्दी

मी बरीच वर्षं विकणाऱ्या बाजूला आहे. गणित कबूल, पण स्क्रीनसमोर त्याची किंमत काय हे कुणी बोललं नाही, ते बोलतो.

४ जून २०२४ आठवा. निवडणुकीचा निकाल. ३ तारखेला निफ्टी २३,२६३ ला बंद. समजा कुणी त्या दिवशी ६ जूनच्या साप्ताहिक एक्सपायरीचा २२,५०० चा पुट विकलेला होता. ४ तारखेला निफ्टी २१,२८१ पर्यंत खाली गेला. स्ट्राइकच्या बाराशे अंक खाली. व्हीआयएक्स दिवसात ३० च्या पुढे. बंद झाला २१,८८४ ला, म्हणजे अजूनही स्ट्राइकच्या सहाशे अंक खाली. आणि ६ तारखेला, एक्सपायरीला? २२,८२१. तो पुट शून्यावर गेला.

आता सांगा, हा व्यवहार जिंकला की हरला? कागदावर जिंकला. पण ४ तारखेच्या दुपारी ज्याच्या खात्यात मार्जिन कमी पडलं त्याला ब्रोकरने कापून बाहेर काढला असणार, आणि त्याच्या नशिबी ६ तारीख आलीच नाही. शिवण्याचा आकडा आणि संपण्याचा आकडा यांच्यात जे अंतर आहे ते मार्जिनने भरावं लागतं. म्हणून मी पैसे किती ठेवायचे हे शिवण्याच्या आकड्यावरून ठरवतो, आणि व्यवहार घ्यायचा की नाही हे संपण्याच्या आकड्यावरून.

दुसरं, वाटसरू, तुम्ही शिवल्यावर कापता म्हणता. कितीला कापता ते पाहिलंत का? ४९ ला विकलेला कॉल, पंधरा दिवस उरले असताना निफ्टी २५,००० ला आला, आयव्ही तीच १२, तर त्याचा भाव २४० च्या घरात. पाचपट. पाचच दिवस उरले असतील तर १४० च्या आसपास. महिन्याच्या सुरुवातीलाच शिवला तर सगळ्यात महाग.

---

रानपाखरू

म्हणूनच मी प्रीमियम दुप्पट झालं की बाहेर. ४९ चे ९८ झाले की संपलं. शिवेपर्यंत थांबतच नाही, त्यामुळे ती २३ टक्क्यांची भानगड माझ्याकडे येत नाही.

---

दर्यावर्दी

रानपाखरू, उलट आहे. तुमची भानगड मोठी आहे. वीस दिवस उरले असताना तो कॉल ९८ च्या जवळ जायला निफ्टी २४,५०० ला आला तरी पुरतो. स्ट्राइक अजून पाचशे अंक लांब. २५,००० ला शिवायचं तर आधी २४,५०० ओलांडावंच लागतं, आणि २४,५०० ला शिवून परत येणारे महिने कितीतरी. म्हणजे तुमचा स्टॉप २३ टक्क्यांपेक्षा बराच जास्त वेळा लागणार. प्रत्येक वेळचा तोटा लहान, पण वेळा जास्त.

---

रानपाखरू

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या गेल्या वर्षीच्या नोंदीत स्टॉप किती वेळा लागला ते मोजतो आणि सांगतो.

---

खडीसाखर

मग शिवल्यावर कापायचं की नाही? त्रिज्याताईंच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या वेळा तो परत आत येतो. म्हणजे कापणं ही चूकच ना?

---

त्रिज्या

नाही, तसं निघत नाही. शिवल्यानंतर तुमच्यासमोर दोन गोष्टी असतात. आत्ता २४० ला कापलं तर १९१ चा तोटा पक्का. थांबलात तर निम्म्या वेळा शून्यावर जाऊन पूर्ण ४९ हातात, आणि उरलेल्या निम्म्या वेळा कधी २०० चा, कधी ६०० चा, कधी हजाराचा तोटा. २४० हा भाव त्या सगळ्याची सरासरी धरूनच बनलेला असतो. भाव रास्त असेल तर सरासरीने दोन्ही सारखेच, फक्त तोट्याचा आकार बदलतो. थांबणारा कमी वेळा हरतो आणि मोठा हरतो.

"निम्म्या वेळा परत येतो" हा कापण्याविरुद्धचा मुद्दा होत नाही, आणि "निम्म्या वेळा पुढेच जातो" हा कापण्याच्या बाजूचाही होत नाही.

---

दर्यावर्दी

भाव रास्त असेल तर. इथे मी थोडा वेगळा आहे. खालच्या बाजूला शिवतो तेव्हा आयव्ही फुगलेली असते, आणि फुगलेल्या प्रीमियमला पुट परत विकत घेणं मला महाग वाटतं. वरच्या बाजूला शिवतो तेव्हा बाजार बहुतेक वेळा शांतपणे सरकत आलेला असतो आणि तसाच पुढे जातो. म्हणून मी कॉल लवकर कापतो, पुट थोडा थांबून. याला माझ्याकडे पुरावा म्हणजे माझा अनुभव, बाकी काही नाही.

---

त्रिज्या

तुमच्या अनुभवाला मी नाही म्हणणार नाही. ती निम्म्याची शक्यता दोन्ही बाजूंना अगदी निम्मी नसतेच. मी सुरुवातीला व्याज सोडून दिलं होतं. फ्यूचर स्पॉटच्या वर असतो ते धरलं, समजा वर्षाला पाच-सव्वापाच टक्के, तर वरच्या २५,००० साठी संपणं १४.१ आणि शिवणं २६.७ येतं, म्हणजे १.९ पट. खालच्या २३,००० साठी संपणं ८.९ आणि शिवणं १८.८, म्हणजे २.१ पट. वरच्या बाजूला शिवल्यावर पुढे जाण्याकडे थोडा कल, खालच्या बाजूला परत येण्याकडे. तुम्ही म्हणता त्याच दिशेला, पण एवढासाच. तुमचा अनुभव एवढ्यावरून पूर्ण उलगडत नाही.

आणि गॅप वेगळाच. रात्रीत काही घडलं आणि निफ्टी स्ट्राइक ओलांडूनच उघडला, तर तो स्ट्राइकवर उभा नसतो, पलीकडे उभा असतो. तिथून पार संपण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणून जिथे गॅप मोठे आणि वारंवार, तिथे शिवणं दुप्पटीपेक्षा कमी भरतं. निकालाच्या आदल्या दिवशी एखाद्या शेअरच्या ऑप्शनला हे गणित आंधळेपणाने लावू नका.

---

पाणवठा

उशिरा आलो. माझा प्रश्न: ०.६५ डेल्टाच्या कॉलला दुप्पट केली तर १३० टक्के येतात. हे कसं?

---

त्रिज्या

तो स्ट्राइक आधीच निफ्टीच्या खाली आहे, त्याच्या पलीकडे आपण उभेच आहोत. तिथे शिवायचं म्हणजे खाली यायचं. मग खाली संपण्याची शक्यता घ्या, ती साधारण ३५ टक्के, आणि तिची दुप्पट करा. ७० टक्के. ऍट द मनीला दोन्हीकडून शंभर येतं, तेही बरोबरच आहे, कारण तिथे आपण शिवूनच सुरुवात करतो.

---

अंबाजोगाईचे_आप्पा

मुलाला दाखवलं. निम्म्या शेअरना जीटीटी लावली, निम्म्यांवर कॉल विकायचा म्हणत होता, पण एका लॉटएवढे शेअर निम्म्यात भरत नाहीत. त्यामुळे सगळ्यांनाच जीटीटी.

---

रानपाखरू

मोजलं. गेल्या वर्षी बारा महिन्यांत दोन्ही बाजू मिळून स्टॉप नऊ वेळा लागला. त्या नऊंपैकी सहा वेळा एक्सपायरीला स्ट्राइक शाबूत होता. दर्यावर्दी, तुम्ही त्या सहा वेळा थांबला असता का?

---

दर्यावर्दी

सहापैकी कितीत नफा झाला असता हे आज दिसतं आहे. उरलेल्या तीन वेळा थांबलो असतो तर किती गेले असते, तेही मोजा आणि इथे लिहा. मग बोलू.